अचानक नागपूरला बदली, नोटीस दोन महिन्यांची: दुसरा भाडेकरू शोधून दिला तर घरमालक मुदत कमी करतात का?

अमोघ_कोथरूड (रविवार, 11 मे 2025, सकाळी)

नमस्कार मंडळी. मी सरकारी बँकेत आहे. परवा शुक्रवारी संध्याकाळी बदलीची ऑर्डर आली. पुण्याहून नागपूर, आणि 26 मेला हजर व्हायचं आहे. हातात जेमतेम दोन आठवडे.

कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. करार 1 नोव्हेंबर ते 30 सप्टेंबर असा अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. भाडं 28,000, डिपॉझिट एक लाख. सहा महिन्यांचा लॉक-इन होता, तो 30 एप्रिलला संपला. त्यानंतर कधीही सोडता येतं, पण 'दोन महिन्यांची लेखी नोटीस' द्यायची असं कलम आहे. मे महिन्याचं भाडं भरलेलं आहे.

मालकीणबाई ठाण्याला असतात, सत्तरीच्या आहेत. काल त्यांना फोन केला. बदलीचं सांगितलं, महिनाभरात सोडायची विनंती केली, दुसरा भाडेकरू मीच शोधून देतो असंही म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, करार म्हणजे करार. दोन महिने म्हणजे दोन महिने. आणि माणसं कोण, कुठली, मला कसं कळणार?" मी आग्रह केला नाही. माणूस म्हणून त्या फार चांगल्या आहेत. मुलगा आजारी होता तेव्हा एक तारखेचं भाडं आठ दिवस उशिरा गेलं होतं, त्यांनी चकार शब्द काढला नाही.

पण दोन महिन्यांचे 56,000 मला जड आहेत. नागपूरला नवं डिपॉझिट, सामानाचा टेम्पो, मुलाची शाळा, सगळं एकदम आलंय. त्यांच्याकडे पुन्हा विषय काढायचा तर कसा काढू? आणि भाडेकरू शोधून देतो म्हटल्यावर नेमकं काय काय माझ्या अंगावर येतं?

अण्णा_सातारकर (11 मे)

अमोघराव, काळजी करू नका. अकरा महिन्यांचा करार हा नुसता कागद असतो. म्हणूनच तर लोक बारा न करता अकरा करतात, नोंदणी लागू नये म्हणून. बदली झाली तर एक महिन्याच्या नोटिशीवर सोडायचा हक्क भाडेकरूला असतोच. डिपॉझिट मागा, नाही दिलं तर चावी देऊ नका.

रोहिणी_न (11 मे)

मला नाही वाटत हे बरोबर. तुम्ही मध्येच दुसरा माणूस घरात घालणार म्हणजे पोटभाडेकरू झाला की. आमच्या सोसायटीत एकाने असंच मित्राला चावी देऊन स्वतः बंगळुरू गाठलं. मालकाला कळलं तेव्हा पोलिसांपर्यंत गेलं प्रकरण. कृपया असं काही करू नका.

दस्तवाले (11 मे, दुपारी)

मी पुण्यात भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देतो, पंधरा वर्षं हेच काम. आधी अण्णांचं.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत देशातल्या इतर अनेक ठिकाणी बरोबर ठरते, महाराष्ट्रात नाही. इथे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 आहे. लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. अमोघ यांचा करार नोंदवलेला आहे, म्हणजे त्यातलं दोन महिन्यांचं कलम दोघांवर बांधील. बदली झाली म्हणून एक महिन्यात सोडायचा हक्क मिळतो असं माझ्या माहितीत कुठेही नाही. करारात तसं लिहून घेतलं असेल तरच. तुम्ही मागताय ती सवलत आहे, अमोघ, त्यामुळे भाषा विनंतीचीच ठेवा.

रोहिणीताईंची भीती खरी आहे, पण यांचा प्रश्न वेगळा. मित्राला चावी देणं म्हणजे स्वतःचा करार चालू ठेवून दुसऱ्याला बसवणं. त्याला जवळपास प्रत्येक करारात बंदी असते. इथे जुना करार संपवून मालकीणबाई नव्या माणसाशी स्वतः नवा करार करणार. अमोघ फक्त ओळख करून देणार. नव्याचा करार नोंदवून होईपर्यंत त्याची एक पिशवीसुद्धा घरात येता कामा नये.

आता मुख्य गोष्ट. 56,000 हा आकडा कुठून आणलात? नोटीस लेखी हवी, म्हणजे कालचा फोन धरत नाहीत. ती अजून दिलेलीच नाही. आज मेल केलीत तर दोन महिने 10 जुलैला भरतात. मे तर भरून झालाय. उरला जून, 28,000, आणि जुलैचे दहा दिवस, साधारण 9,000. म्हणजे वाटाघाट 37,000 ची आहे. आणि मेल जितके दिवस लांबवाल तितके रोज नऊशे वाढतील. आधी करार उघडून बघा, नोटीस 'महिन्याच्या एक तारखेपासून' धरायची असं कुठे लिहिलंय का. तसं असेल तर मात्र जून-जुलै दोन्ही पूर्ण लागतील आणि तुमचे 56,000 बरोबर.

अमोघ_कोथरूड (11 मे)

करार काढून तीनदा वाचला. 'कोणत्याही पक्षाने दुसऱ्यास दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन' एवढंच आहे. एक तारखेचा उल्लेख नाही. पुढे मात्र असं आहे की नोटीस न दिल्यास तेवढं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्यायचा मालकांना अधिकार राहील.

फोन केला म्हणजे कळवलं असंच मी धरून चाललो होतो. मेल आजच करतो.

मीरा_ठाणे (11 मे, संध्याकाळी)

मी घरमालक आहे, पुण्यात सासऱ्यांचा एक फ्लॅट भाड्याने दिलाय. तुमच्या काकूंच्या बाजूने सांगते, म्हणजे त्या 'करार म्हणजे करार' का म्हणाल्या ते कळेल.

भाडेकरू अचानक सोडतो म्हणाला की आमच्या डोळ्यांसमोर एक महिना रिकामं घर उभं राहतं. मेंटेनन्स चालूच. रंग काढायचा, प्लंबर बोलवायचा. एजंट पुन्हा महिन्याच्या भाड्याएवढं मागतो. लोक घर बघायला शनिवार-रविवारीच येतात, दर वेळी ठाण्याहून पुण्याला कोण जाणार? सत्तरीच्या बाईला या सगळ्याची धास्ती वाटणारच. दोन महिन्यांची नोटीस तिच्या लेखी दंड नाही, ती तिची उसंत आहे.

आणि 'मी भाडेकरू शोधून देतो' हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलेलं असतं. बहुतेक जण दोन फोन नंबर पाठवतात आणि काम झालं म्हणतात. त्यातला एक फोन उचलत नाही, दुसरा तीन हजार कमी करा म्हणतो.

म्हणून 'महिनाभरात सोडा' असं मागू नका. त्यात नुकसान कोणाचं हे उघड आहे. त्याऐवजी सांगा की नवीन माणसाचं भाडं सुरू होईपर्यंत माझं भाडं चालू राहील. मग त्यांचा एक दिवसही रिकामा जात नाही, आणि घाई तुमची, त्यांची नाही. मला कोणी असं लिहून दिलं असतं तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं.

दस्तवाले (11 मे)

मीराताईंनी नेमकं सांगितलं. वरची मर्यादा मात्र घालून घ्या: उशिरात उशिरा 10 जुलै. नाहीतर माणूस मिळेना म्हणून तुम्ही सप्टेंबरपर्यंत भाडं भरत बसाल.

नव्या कराराचा खर्चही तुम्ही उचला. मोठा नाही. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांचं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला दहा टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. तुमच्या भाड्याला ते हजाराच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेणार त्याची फी वेगळी. सगळं मिळून तीन-साडेतीन हजार. पण 'खर्च माझा' या तीन शब्दांनी काकूंच्या मनातली एक मोठी कटकट जाते.

उनाड_पाखरू (12 मे)

माझा अनुभव सांगते. गेल्या वर्षी हिंजवडीहून चेन्नईला बदली झाली. मी मालकांना एक नाही, सहा भाडेकरू आणून दाखवले. पहिल्याला नाही म्हणाले कारण तो एकटा राहणार होता. दुसऱ्या जोडप्याकडे कुत्रा. तिसरी चांगली होती तर भाडं चार हजारांनी वाढवलं, ती निघून गेली. असं करत करत दोन महिने भरले आणि माझं पूर्ण भाडं गेलं. मी रोज ऑफिसातून फोनवर फोन करत होते, रडायची वेळ आली होती. तेव्हा मालक नाही म्हणतच राहिले तर काय करायचं, हे आधी ठरवून घ्या.

दस्तवाले (12 मे)

हा प्रसंग खूप जणांवर येतो. भाडेकरू निवडायचा हक्क मालकाचाच, तो काढून घेता येत नाही. पण भाडं वाढवल्यामुळे माणूस गेला तर तो वेळ आधीच्या भाडेकरूच्या माथी मारणं योग्य नाही. म्हणून विनंतीतच एक वाक्य घाला: सध्याच्या भाड्याला आणि डिपॉझिटला तयार असलेलं, कागदपत्रं पूर्ण असलेलं कुटुंब मी आणलं आणि तुम्हाला जास्त भाड्यासाठी थांबायचं असेल, तर माझं भाडं त्या कुटुंबाच्या तयारीच्या तारखेला थांबावं. मालक मान्य करतीलच असं नाही. पण बोलणी सुरू होण्याआधी कागदावर आलं तर नंतर वाद होत नाही.

श्रावणसर (12 मे)

निवृत्त वकील आहे, म्हणून थोडी भर. करार कायद्याचं कलम 74 असं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा. भरपाई वाजवी तेवढीच मिळते. आणि नुकसान टाळायचे जे मार्ग समोर होते तेही बघितले जातात. म्हणजे 7 जूनला नवा भाडेकरू भाडं देऊ लागला आणि तरीही मालकाने जुन्याकडून 10 जुलैपर्यंतचं कापलं, तर एकाच घराचं दोनदा भाडं घेतल्यासारखं होतं. ते टिकणं अवघड.

पण अमोघ, हे मी तुमच्या माहितीसाठी सांगतोय, काकूंना लिहिण्यासाठी नाही. डिपॉझिट त्यांच्या हातात आहे. तीस-पस्तीस हजारांसाठी नागपूरहून पुण्याच्या कोर्टात तारखांना येणं कोणाला परवडतं? पत्रात कलमाचा आकडा आला की समोरचा माणूस आधी वकील शोधतो. मी चाळीस वर्षं हेच बघितलं.

अण्णांनी चावी न देण्याचं सुचवलं, तेही नको. मुदत संपल्यावर घर अडवून बसलात तर मुदतीनंतरचं भाडं दुप्पट दराने मागायचा मार्ग भाडे नियंत्रण कायद्यानेच मालकाला दिलाय.

अण्णा_सातारकर (12 मे)

सर, पण मग डिपॉझिटची हमी काय? माझ्या भावाचे 60,000 आजतागायत आलेले नाहीत. चावी देऊन मोकळा झाला आणि मालकाने फोन उचलणं बंद केलं. चार वर्षं झाली.

श्रावणसर (12 मे)

तुमचा राग समजतो. मी अडवून बसू नका म्हणालो, याचा अर्थ आधीच चावी देऊन टाका असा नाही. ताबा आणि डिपॉझिट एकाच बैठकीत, समोरासमोर. एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने बँकेत रक्कम जमा झाल्याचा मेसेज. तुमच्या भावाच्या बाबतीत हेच राहून गेलं असावं.

मीरा_ठाणे (12 मे)

इथे मी थोडी असहमत आहे. भाडेकरू 24 मेला सामान हलवणार आणि चावी स्वतःकडे ठेवणार, तर मालकाने घर दाखवायचं कसं? रंगवायचं कसं? आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मालक जुन्याचं डिपॉझिट नव्याच्या डिपॉझिटमधूनच परत करतात. लाख रुपये बाजूला काढून ठेवलेले नसतात. आधी पैसे मग चावी म्हटलं तर काकू अडचणीत येतील.

अमोघ_कोथरूड (12 मे, रात्री)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मेल पाठवली, ती इथे देतो. आज सकाळी तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवली कारण काकू मेल कमी बघतात.

"आदरणीय काकू, सा. नमस्कार. शनिवारी फोनवर बोलल्याप्रमाणे माझी नागपूरला बदली झाली असून 26 मेला हजर व्हायचं आहे. ऑर्डरची प्रत सोबत जोडली आहे. करारानुसार आज 11 मे 2025 रोजी मी दोन महिन्यांची लेखी नोटीस देत आहे. ती 10 जुलैला पूर्ण होते. ती तशीच पाळायची वेळ आली तर मी पाळीन.

"एक विनंती आहे. त्याआधी तुमच्या पसंतीचं कुटुंब राहायला आलं, तर त्यांचं भाडं सुरू होईल त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच माझ्याकडून भाडं घ्यावं. घर दाखवण्याची व्यवस्था मी करतो, तुम्हाला ठाण्याहून यावं लागणार नाही. नव्या कराराच्या नोंदणीचा खर्च माझा. कोणाला घर द्यायचं हे पूर्णपणे तुम्ही ठरवावं. पटलं तर याच मेलला 'मान्य' एवढं उत्तर द्यावं."

भाडं वाढवण्याबद्दलचं वाक्य मी घातलं नाही. दस्तवाले, तुमचं म्हणणं पटलं होतं, पण त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. बायकोही नको म्हणाली.

माझ्याकडे दोन नावं आहेत. एक म्हणजे शेजारच्या आयटी कंपनीतले तिघे मुलगे, ते 1 जूनला यायला तयार. दुसरे बँकेतलेच सहकारी, त्यांची नाशिकहून पुण्याला बदली झालीये, नवरा-बायको आणि चौथीतली मुलगी. त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्याशिवाय जमणार नाही. दोन्ही नावं पाठवू की एकच?

मीरा_ठाणे (13 मे)

दोन्ही पाठवा, पण नुसती नावं नकोत. काय काम करतात, कुठे, घरात किती माणसं, गाडी आहे का, आधीच्या घरमालकाचा नंबर आणि कधीपासून हवंय. एवढं एका मेसेजमध्ये असलं की काकूंना पाच प्रश्न विचारावे लागत नाहीत. आधीच्या मालकाशी बोलायला मिळणं हे आम्हाला सगळ्यात मोलाचं.

तिघा मुलांबद्दल सोसायटीचे नियम बघून घ्या. एकटे राहणारे नकोत असं कमिट्या म्हणतात ते मला स्वतःला पटत नाही, पण काकूंना त्यांच्याशी भांडायला लावू नका.

रोहिणी_न (13 मे)

आधीचा माझा प्रतिसाद घाईत लिहिला गेला, पोटभाडेकरूच डोक्यात होता. आता कळलं. एक विचारू का? बँकेत काही जणांना लीजचं घर असतं ना, बँकच मालकाला भाडं देते? तसं असेल तर नोटीस बँकेने द्यायची ना?

अमोघ_कोथरूड (13 मे)

बरोबर विचारलंत. लीजवर असतं तर करार बँकेच्या मार्फत झाला असता आणि सोडण्याचा पत्रव्यवहारही. मी घरभाडे भत्ता घेतो, करार माझ्याच नावावर आहे.

उनाड_पाखरू (13 मे)

तरी ऑफिसला विचारून बघा. माझ्या कंपनीने खूप पाठपुरावा केल्यावर नोटिशीच्या एका महिन्याचं भाडं दिलं, बदलीचा खर्च म्हणून. मालकाची भाड्याची पावती आणि नोटिशीची मेल मागितली होती.

अमोघ_कोथरूड (शनिवार, 17 मे)

काकूंचा फोन आला. मेल त्यांनी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतली. 'ती तशीच पाळायची वेळ आली तर मी पाळीन' हे वाक्य त्यांना आवडलं म्हणाल्या. तिघा मुलांना नकार. नाशिकच्या कुटुंबाशी त्या स्वतः अर्धा तास बोलल्या, त्यांच्या आधीच्या मालकांशीही बोलल्या. पसंत आहेत. मेलला 'मान्य' असं उत्तरही आलं.

पण भाडं 30,000 केलंय. नाशिकवाल्यांनी एक दिवस मागून घेतला आणि आज होकार दिला. मधला तो एक दिवस फार कठीण गेला. दस्तवाल्यांचं वाक्य घालायला हवं होतं असं रात्रभर वाटत होतं.

ते 7 जूनपासून येतात. चावीचं असं ठरलंय की एक चावी समोरच्या जोशी आजींकडे राहील, घर बघायला आणि रंगाचं माप घ्यायला. रीतसर ताबा मी 7 तारखेला नागपूरहून येऊन देणार, त्याच दिवशी डिपॉझिट.

अण्णा_सातारकर (17 मे)

भाडं दोन हजारांनी वाढवून मिळतंय म्हणजे काकूंचा फायदाच झाला. मग कराराचा खर्च तुम्ही का द्यायचा? मी असतो तर दिला नसता.

मीरा_ठाणे (17 मे)

शब्द दिलाय ना त्यांनी लिहून? आणि सप्टेंबरमध्ये करार संपला असता तेव्हा भाडं वाढलंच असतं.

श्रावणसर (17 मे)

अण्णांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. नव्या भाड्यातली वाढ नुकसानीच्या हिशोबात धरावी का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण अमोघ यांनी देऊ केलंय ते द्यावं.

दस्तवाले (18 मे)

7 तारखेसाठी थोडं कामाचं.

जुना करार 30 सप्टेंबरपर्यंत नोंदवलेला आहे. तो मध्येच संपवल्याचा कागद हवा. कोणी नोटरी करून घेतात, कोणी रद्दपत्रही नोंदवतात. एवढ्यासाठी नोंदवण्याची गरज आहे का, यावर आम्हा काम करणाऱ्यांतही मतं वेगळी आहेत. माझा आग्रह निदान दोघांच्या सहीच्या पत्राचा असतो: अमुक तारखेला ताबा परत दिला-घेतला, करार परस्पर संमतीने संपला, डिपॉझिट इतकं परत, इतकं कापलं आणि कशासाठी. दोन साक्षीदार. त्यावर वीज मीटरचा आकडा लिहा आणि मीटरचा फोटो काढा.

दुसरं म्हणजे काकूंचा अंगठा. सत्तरीनंतर बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही आणि आधारची पडताळणी अडते. काकूंचे ठसे त्यांच्या ठाण्याच्या घरीच, पाच-सहा दिवस आधी घ्यायला सांगा. दोन्ही बाजू एका जागी बसायची गरज नसते. आयत्या दिवशी अडलं तर नव्याचा करार लांबेल आणि त्याचा प्रत्येक दिवस तुमच्या खिशातून जाईल.

नव्या भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं आणि सोसायटीचा फॉर्म ही काकूंची आणि त्यांची कामं. पण फॉर्म आणून हातात दिलात तर लवकर होईल.

अमोघ_कोथरूड (सोमवार, 9 जून)

नागपूरहून लिहितोय. शुक्रवारी रात्री निघालो, शनिवारी सकाळी पुण्यात.

दस्तवाल्यांचा सल्ला शब्दशः खरा ठरला. 2 जूनला एजंट ठाण्याला काकूंकडे गेला. उजव्या अंगठ्याने पाच वेळा नकार दिला. मग काकूंनी हात गरम पाण्याने धुतले, पुसले, एकेक बोट लावून बघितलं, शेवटी डाव्या हाताच्या तर्जनीवर मशीनने होकार दिला. हे 7 तारखेला झालं असतं तर नाशिकचं कुटुंब टेम्पो घेऊन खाली उभं राहिलं असतं.

शनिवारी काकू मुलाबरोबर आल्या होत्या. रिकाम्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसलो. हिशोब असा झाला: जूनचे सहा दिवस 5,600, कराराचा सगळा खर्च 3,200, विजेचं बिल 1,140. लाखातून हे वजा करून 90,060 यायला हवे होते.

पण स्वयंपाकघरात ओट्याच्या वर आम्ही चिकटवलेले हुक काढताना रंगाचे पोपडे निघालेत, तळहाताएवढे चार. आणि हॉलमध्ये पडद्याच्या दांडीची भोकं. काकूंचा मुलगा म्हणाला पूर्ण घराच्या रंगाचे 12,000 कापतो. मी म्हटलं एका भिंतीचं मी देतो, बाकी घर सात महिन्यांच्या वापराने जेवढं मळायचं तेवढंच मळलंय, आणि आत येताना काढलेले फोटो दाखवले. काकू मध्ये पडल्या. ठरलं असं की 78,060 लगेच, आणि 12,000 रंगाऱ्याचं खरं बिल येईपर्यंत त्यांच्याकडे. पत्रावर तसं लिहून दोघांच्या सह्या झाल्या. पैसे तिथेच खात्यात आले, मग चाव्या दिल्या.

बँकेत विचारलं. नोटिशीचं भाडं देण्याची तरतूद नाही म्हणाले, सामान हलवण्याचा खर्च मिळेल.

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे मुलाच्या प्रवेशाला अजून थोडे दिवस आहेत. तेवढं एक बरं झालं.

रंगाच्या 12,000 बद्दल कोणाचा अनुभव आहे का? करारात 'नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून' असे शब्द आहेत.

मीरा_ठाणे (9 जून)

हुकांचे पोपडे झीज नाही, ते तुमचं. भोकंही बुजवून द्यायला हवी होती. पण ते एका भिंतीचं काम. बाकीचं घर नवीन माणसासाठी रंगवायचं असेल तर तो मालकाचा खर्च, मी माझ्याकडे तसंच करते.

दस्तवाले (9 जून)

रंगाऱ्याच्या बिलात भिंतींचं माप वेगवेगळं लिहून मागा, स्वयंपाकघर आणि हॉल निराळे. नुसतं 'रंगकाम 12,000' असं बिल आलं तर फोन करून काकूंशी बोला, मुलाशी नको.

अण्णा_सातारकर (9 जून)

12,000 राहिले म्हणता, पण 78,060 हातात आले हे मोठं आहे. ते सह्यांचं पत्र नीट जपून ठेवा. भावाला हा धागा वाचायला देतोय. श्रावणसर, चार वर्षं झाली असली तरी त्याच्या 60,000 चं काही होऊ शकतं का? त्याच्याकडे करार आहे, बँकेतून दिल्याची नोंद आहे, पण ताब्याचं पत्र नाही.

श्रावणसर (9 जून)

मागण्याला मुदतीची मर्यादा असते आणि चार वर्षं हा आकडा मला काळजीचा वाटतो. पण मालकाने मधल्या काळात 'देतो' असं कुठे लिहून दिलंय का, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. भावाला जुने मेसेज तारखांसह शोधायला सांगा आणि वेगळा धागा काढा, तिथे बोलू.